स्वागताच्या भाषणात कोणाचं नाव आधी?

*सप्रेम नमस्कार. मी इंदूरमधल्या एका मराठी शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. ‘सिंक्रोट्रॉन प्रारण आणि पदार्थविज्ञान’ या विषयावर आमच्याकडे दोन दिवसांचं चर्चासत्र आहे आणि उद्घाटनाचं स्वागत भाषण माझ्याकडे आलं आहे. पाच मिनिटं, मराठीतून. व्यासपीठावर सात जण असतील. विद्यापीठाचे कुलगुरू अध्यक्ष आहेत. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ उद्घाटन करतील. खासदार प्रमुख पाहुणे, पुण्याचे एक प्राध्यापक बीजभाषणाला, आर्थिक साहाय्य देणारे एक उद्योजक विशेष अतिथी, शिवाय आमचे संस्थाध्यक्ष आणि प्राचार्य. आमदार ‘जमलं तर येतो’ म्हणालेत. सचिव म्हणतात, खासदार लोकप्रतिनिधी, त्यांचं नाव पहिलं. प्राचार्य म्हणतात, अध्यक्षांचं. विभागातले म्हणतात, विज्ञानाचा कार्यक्रम आहे, शास्त्रज्ञांचं. आणि ज्यांनी आमचा विभाग उभा केला ते ऐंशी ओलांडलेले सर पहिल्या रांगेत बसणार, त्यांचं काय करू? पत्रिका अजून छापायची आहे. — एक प्राध्यापिका, इंदूर*

सप्रेम नमस्कार.

पत्रिका अजून छापायची आहे, हे तुमच्या पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य. नावांचा क्रम भाषणाच्या आदल्या रात्री ठरवायचा नसतो, तो पत्रिकेच्या कच्च्या प्रतीवर ठरवायचा असतो. एकदा पत्रिका वाटली गेली की तोच क्रम व्यासपीठावरच्या खुर्च्यांना, दीपप्रज्वलनाला, पुष्पगुच्छांना आणि तुमच्या भाषणाला लागू होतो. पाहुणे दुखावतात ते बहुतेक वेळा आपलं नाव तिसरं आलं म्हणून नव्हे. पत्रिकेत दुसरं होतं आणि भाषणात चौथं झालं, म्हणून दुखावतात. तेव्हा आज-उद्या सचिव, प्राचार्य आणि विभागप्रमुख यांना एकत्र बसवा, एका कागदावर क्रम लिहा आणि त्यावर तिघांची सही घ्या. सही म्हटल्यावर थोडं अवघडल्यासारखं होईल, पण त्या दिवशी माईकसमोर तुम्ही एकट्या उभ्या असणार आहात. कागद तुमच्या हातात असायला हवा.

आता वाद कुठे आहे ते पाहू. तिघेही आपापल्या परीने बरोबर बोलताहेत, फक्त प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी आहे. सचिव पदाचा मान पाहतात, प्राचार्य त्या दिवशीची भूमिका पाहतात आणि तुमचे सहकारी विषयातला अधिकार पाहतात. शैक्षणिक सभेत यातली भूमिका सर्वांत वरची. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, बीजभाषक या भूमिका तुमच्या संस्थेने विचार करून दिल्या आहेत आणि पाहुण्यांनी त्या स्वीकारल्या आहेत. त्या स्वीकारताना प्रत्येकाने आपली जागाही स्वीकारलेली असते. पदाचा मान कामाला येतो तो एकाच भूमिकेत दोन माणसं असतात तेव्हा. दोन विशेष अतिथी असतील तर त्यांच्यात कोण आधी, हे पदावरून ठरवावं.

पदांच्या क्रमाचा विषय निघालाच आहे तर सचिवांना दाखवायला एक गोष्ट सांगते. केंद्र सरकारचा अधिकृत मानक्रम आहे. राष्ट्रपती सचिवालयाने तो २६ जुलै १९७९ च्या अधिसूचनेने जाहीर केला आणि नंतर त्यात दुरुस्त्या होत आल्या. त्यात राष्ट्रपती पहिल्या, उपराष्ट्रपती दुसऱ्या, पंतप्रधान तिसऱ्या क्रमांकावर आहेत. आपापल्या राज्यात राज्यपाल चौथे आणि मुख्यमंत्री सातवे. भारतरत्न मिळालेली व्यक्ती ७-अ वर. खासदार एकविसाव्या क्रमांकावर येतात. विद्यापीठाच्या कुलगुरूंना त्या यादीत जागाच नाही, आणि महाविद्यालयाच्या प्राचार्यांनाही नाही. म्हणून ती यादी सरळ तुमच्या सभागृहात आणून लावली तर विद्यापीठाचे प्रमुख यादीबाहेर राहतात, हे उघड विसंगत आहे. त्या मानक्रमाच्याच टिपेत म्हटलं आहे की तो शासकीय आणि औपचारिक समारंभांसाठी आहे, सरकारच्या रोजच्या कामकाजालाही तो लागू नाही. महाविद्यालयातलं चर्चासत्र हा शासकीय समारंभ नव्हे. त्या टिपेतली एक युक्ती मात्र घेण्यासारखी आहे. एकाच क्रमांकावरच्या व्यक्तींमध्ये जो त्या क्रमांकावर आधी आला तो आधी. उद्या दोन प्राध्यापक सारख्याच भूमिकेत असले तर नेमणुकीची तारीख बघा. तीही कळत नसेल तर अकारविल्हे नावं घ्या आणि तसं सांगून टाका.

हे सगळं बदलतं ते राज्यपाल किंवा मंत्री येतात तेव्हा. मग क्रम तुमच्या हातात राहत नाही आणि राहू द्यायचाही नाही. त्यांच्या कार्यालयाशी आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या प्रोटोकॉल अधिकाऱ्यांशी आधी बोलायचं, मिनिट-टू-मिनिट कार्यक्रम मंजूर करून घ्यायचा आणि त्यात लिहिलेला क्रम शब्दशः पाळायचा. तुमच्याकडे सध्या तशी वेळ नाही.

तुमच्यासाठी क्रम असा: अध्यक्ष म्हणून कुलगुरू, मग उद्घाटक शास्त्रज्ञ, मग प्रमुख पाहुणे खासदार, मग बीजभाषक, मग विशेष अतिथी उद्योजक, त्यानंतर संस्थाध्यक्ष आणि शेवटी प्राचार्य. अध्यक्ष पहिले, कारण सभा त्यांच्या ताब्यात असते. त्यांची परवानगी गृहीत धरून आपण बोलतो. गंमत अशी की ज्यांचं नाव सगळे पहिल्यांदा घेतात, ते बोलतात मात्र सर्वांच्या शेवटी. संबोधनाचा क्रम आणि भाषणांचा क्रम जवळजवळ उलटे असतात, आणि कार्यक्रमपत्रिकेतला भाषणांचा क्रम पाहून कोणी संबोधन लिहून काढलं तर अध्यक्ष तळाला जातात. हा घोटाळा मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे.

उद्घाटक दुसऱ्या, कारण त्या सत्राचं मुख्य कामच त्यांच्या हातून होणार आहे. खासदार तिसरे, यावर सचिव आणि तुम्ही अजून भांडू शकता. माझं मत स्पष्ट आहे: ज्या शास्त्रज्ञाला आपण उद्घाटनाला बोलावतो तिला लोकप्रतिनिधीमागे ढकलायचं असेल, तर उद्घाटक म्हणून खासदारांनाच बोलवावं. एकीला भूमिका द्यायची आणि दुसऱ्याला मान, हे बरं दिसत नाही. पण संस्थेने एकमताने खासदारांना दुसऱ्या जागी छापायचं ठरवलं, तर तुम्ही भाषणात स्वतःचा क्रम चालवू नका. पत्रिका काय म्हणते ते वाचा. मतभेद पत्रिकेपूर्वी मिटवायचा असतो, माईकवर नाही.

जो क्रम ठरेल तो खासदारांच्या स्वीय सहायकांना फोनवर वाचून दाखवा: ‘अध्यक्ष कुलगुरू, उद्घाटक अमुक, प्रमुख पाहुणे साहेब, असा क्रम छापतो आहोत.’ बहुतेक वेळा ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर येतं. हरकत असेल तर ती तेव्हाच कळते, छपाईच्या आधी. आपलं नाव कितवं आहे हे कोणत्याही पाहुण्याला सभागृहात येऊन कळायला नको.

आता स्वागत भाषणापुरता एक महत्त्वाचा भेद. संबोधन आणि स्वागत या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि त्यांच्या याद्या सारख्या नसतात. संबोधनात व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं येतात, संस्थाध्यक्ष आणि प्राचार्यांचीही. पण स्वागत करायचं ते पाहुण्यांचं. संस्थाध्यक्ष आणि प्राचार्य यजमान आहेत, तुम्ही त्यांच्याच वतीने बोलता आहात. ‘आमच्या प्राचार्यांचं मी हार्दिक स्वागत करते’ असं वाक्य ऐकलं की वाटतं, हे आज पहिल्यांदाच कॉलेजात आले की काय. म्हणून त्यांचं नाव संबोधनात घ्या आणि पुढे ‘संस्थेच्या, प्राचार्यांच्या आणि विभागाच्या वतीने’ असं म्हणून पाहुण्यांकडे वळा. तुमच्या सात नावांपैकी स्वागताची वाक्यं पाचच होतात आणि वेळही वाचतो. अध्यक्ष कुलगुरू असले तरी तुमच्या महाविद्यालयात ते पाहुणेच आहेत, त्यामुळे त्यांचं स्वागत होतं.

पदं आणि बिरुदं लिहिताना काळजी घ्या, कारण इंदुरात हिंदी कागदावरून मराठी मजकूर करताना हमखास एक चूक होते. मध्य प्रदेशात विद्यापीठाच्या प्रमुखांना हिंदीत वर्षानुवर्षं ‘कुलपति’ म्हटलं जायचं. २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘कुलगुरु’ हे नाव केलं. जुन्या लेटरहेडवर, जुन्या पत्रिकांवर अजून ‘कुलपति’ सापडतं. मराठी ऐकणाऱ्याच्या मनात मात्र कुलपती म्हणजे राज्यपाल. पुण्याहून आलेले तुमचे बीजभाषक ‘आदरणीय कुलपती’ ऐकून राज्यपाल कुठे बसलेत ते शोधतील. तुम्ही ‘कुलगुरू’च म्हणा, दोन्हीकडे आता तेच बरोबर आहे.

दुसरं, शास्त्रज्ञांचं पद. अणुऊर्जा विभागाच्या संस्थांमध्ये वैज्ञानिक अधिकाऱ्यांच्या श्रेण्या इंग्रजी अक्षरांनी सांगतात: एफ, जी, एच, आणि पुढे ‘आउटस्टँडिंग सायंटिस्ट’ वगैरे. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं, म्हणून उत्साहात कोणीतरी त्यांना ‘संचालिका’ करून टाकतं. संचालक तिथे एकच असतात. चुकीची बढती ही कमी मानाइतकीच त्रासदायक असते, कारण त्या दुसऱ्या दिवशी त्याच संस्थेत कामावर जाणार असतात. त्यांच्याकडूनच अचूक पदनाम मागवा. श्रेणी सांगायची नसेल तर ‘ज्येष्ठ शास्त्रज्ञ’ पुरेसं आहे. आणि त्यांच्या नावामागे ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ नको, फक्त ‘डॉ.’ पुरे. ‘माननीय प्रा. डॉ. श्री.’ अशी माळ कोणाच्याच नावामागे लावू नका. लोकप्रतिनिधींना ‘माननीय’, अभ्यासकांना ‘डॉ.’ किंवा ‘प्रा.’, बाकीच्यांना ‘श्री.’ एवढं बसतं. आडनाव दाक्षिणात्य किंवा बंगाली असेल तर उच्चार फोन करून विचारा आणि देवनागरीत जसा ऐकला तसा लिहून ठेवा.

तुमच्या सरांचा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटला. ते व्यासपीठावर नाहीत, पण श्रोत्यांमधल्या नावांत ते पहिले, संस्थेच्या इतर पदाधिकाऱ्यांच्याही आधी. त्यांचं नाव व्यासपीठावरच्या नावांत मिसळायचं नाही, नाहीतर व्यासपीठावर बसलेल्या उद्योजकांच्या आधी की नंतर, असा नवा वाद उभा राहतो. प्राचार्यांच्या नावानंतर क्षणभर थांबायचं, पहिल्या रांगेकडे बघायचं आणि मग त्यांचं नाव घ्यायचं. त्यांना उठायला लावू नका. ऐंशी ओलांडलेला माणूस टाळ्यांमुळे घाईघाईने उभा राहू पाहतो आणि तोल जातो. शेजारी एक विद्यार्थी बसवा आणि सरांना आधीच सांगा, ‘सर, बसूनच हात जोडा.’

उद्योजकांबद्दल थोडक्यात. ते व्यासपीठावर आहेत म्हणून विशेष अतिथी म्हणून त्यांचं नाव घ्यायचंच, पण बीजभाषकांच्या आधी नाही. त्यांनी दिलेल्या पैशांचा उल्लेख आभाराच्या भाषणात येऊ द्या, तीच त्याची जागा आहे. स्वागतात त्यांचा उद्योग पदार्थविज्ञानाशी कुठे जोडला जातो ते सांगा. त्यांचाही त्यात जास्त मान आहे.

प्रत्यक्ष भाषणाचा एक नमुना खाली देते. नावांच्या जागा रिकाम्या आहेत, तपशील तुमच्या विभागाप्रमाणे बदला.

‘सन्माननीय अध्यक्ष, विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. ……; आजच्या उद्घाटक, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. ……; प्रमुख पाहुणे, खासदार माननीय श्री. ……, बीजभाषक प्रा. ……, विशेष अतिथी श्री. ……, आमच्या संस्थेचे अध्यक्ष श्री. …… आणि प्राचार्य डॉ. ……; समोर बसलेले, ज्यांनी आमचा विभाग उभा केला ते आदरणीय …… सर; संस्थेचे पदाधिकारी, निमंत्रित वक्ते, उज्जैन, देवास, धार आणि ग्वाल्हेरहून आलेले प्रतिनिधी, सहकारी प्राध्यापक, पत्रकार आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, संस्थेच्या, प्राचार्यांच्या आणि भौतिकशास्त्र विभागाच्या वतीने मी आपणा सर्वांचं स्वागत करते.

‘पुढचे दोन दिवस आपण ज्या प्रकाशाबद्दल बोलणार आहोत, तो याच शहरात तयार होतो. राजा रामण्णा केंद्राची पायाभरणी १९८४ साली इथे झाली. तिथल्या इंडस-१ या वलयात ४५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात, इंडस-२ मध्ये ही ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जाते. हे इलेक्ट्रॉन वळताना जो प्रकाश सोडतात, त्याच्या मदतीने पदार्थातल्या अणूंची मांडणी वाचता येते.

‘आजच्या सभेचं अध्यक्षस्थान स्वीकारून कुलगुरूंनी आमच्या महाविद्यालयाला आपला वेळ दिला, सर, आपलं मनःपूर्वक स्वागत. डॉ. ……, ज्या यंत्राबद्दल आमचे विद्यार्थी पुस्तकात वाचतात, त्या यंत्राजवळ आपण रोज काम करता. चर्चासत्राचं उद्घाटन आपल्या हातून व्हावं ही विभागाची इच्छा होती, आपलं स्वागत. प्रमुख पाहुणे खासदार माननीय श्री. ……, संसद के कार्य से समय निकालकर आप हमारे विद्यार्थियों के बीच पधारे, आपका हार्दिक स्वागत है. पुण्याहून आलेले प्रा. …… एक्स-किरण शोषण वर्णपटाच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले संशोधक आहेत. त्यांचं बीजभाषण ऐकायला आम्ही उत्सुक आहोत, सर, आपलं स्वागत. श्री. …… यांच्या कारखान्यात मिश्रधातूंची परीक्षा रोज होते, प्रयोगशाळा आणि कारखाना यांतलं अंतर त्यांच्या येण्याने कमी होईल, त्यांचं स्वागत.

‘आणि …… सर, आज या सभागृहात बसलेल्या अनेक प्राध्यापकांनी पहिला वर्णपटमापी आपल्या देखरेखीखाली हाताळला. आपण आलात, विभाग आपला ऋणी आहे.

‘प्रतिनिधींचं आणि विद्यार्थ्यांचं पुन्हा एकदा स्वागत करते आणि चर्चासत्राची भूमिका मांडण्यासाठी विभागप्रमुखांना विनंती करते.’

यात काय नाही, तेही बघून घ्या. पाहुण्यांच्या पदव्या, पुरस्कार, शोधनिबंधांची संख्या यातलं काहीच नाही, कारण परिचय करून देणारी व्यक्ती वेगळी असेल आणि तिच्या हातचं तुम्ही काढून घ्यायचं नाही. चर्चासत्रात किती शोधनिबंध आले, किती सत्रं आहेत, हेही नाही. ते प्रास्ताविकात येतं. इंडसबद्दलच्या चार ओळी मात्र मी मुद्दाम ठेवल्या. स्वागत भाषण विषयाला स्पर्श न करता संपलं तर ते कोणत्याही कार्यक्रमाला चाललं असतं. या चार ओळींमुळे उद्घाटकांचं नाव दुसरं का आहे, हेही समोर बसलेल्यांना न सांगता कळतं.

खासदारांसाठी एक हिंदी वाक्य घातलं आहे. त्यांना मराठी येत असेल तर ते काढून टाका. कुलगुरूंनाही मराठी येत नसेल तर त्यांचं वाक्यही हिंदीत करा, म्हणजे एकासाठी केलं आणि दुसऱ्यासाठी नाही असं वाटणार नाही. पण सगळं भाषण दोन भाषांत करू नका. त्यात पाच मिनिटांची दहा होतात आणि मराठीतून बोलण्यामागचा संस्थेचा हेतूही राहून जातो.

वेळेचा हिशेब असा. सभागृहात, माईकवर, नावं नीट उच्चारत बोललं तर मराठीत मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. वरचा नमुना तीनशे शब्दांच्या आतबाहेर आहे, नावं आणि पदं भरली की त्यात भर पडेल. संबोधनातच एक मिनिटाहून जास्त जाईल, टाळ्यांना जागा ठेवा. घड्याळ समोर ठेवून मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं भाषण नेहमी कमी वेळाचं वाटतं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर श्रोत्यांच्या गटांची यादी आखडा, पाहुण्यांची वाक्यं कापू नका. आणि कापावंच लागलं तर पाचही जणांची वाक्यं सारखी कापा. अध्यक्षांना तीन ओळी आणि विशेष अतिथींना ‘तसेच’ म्हणून अर्धी ओळ, ही तफावत क्रमापेक्षा जास्त टोचते.

पुष्पगुच्छ भाषणाच्या मध्ये नकोत. प्रत्येक नावानंतर कोणीतरी चालत येणार, फोटो निघणार, तोवर तुम्ही माईकसमोर ताटकळत राहणार. भाषण सलग होऊ द्या, नंतर सूत्रसंचालकांनी त्याच क्रमाने सत्कार पुकारावेत. खुर्च्यांचं त्या दिवशी सकाळी जाऊन पाहा. अध्यक्ष मध्यभागी, त्यांच्या उजव्या हाताला उद्घाटक, डाव्या हाताला प्रमुख पाहुणे, मग पुन्हा उजवीकडे बीजभाषक, डावीकडे विशेष अतिथी, अगदी कडेला यजमान. उजवा-डावा हा व्यासपीठावर बसलेल्या माणसाचा, सभागृहातून बघणाऱ्याचा नव्हे. नावाच्या पाट्या लावणारी मुलं समोरून बघून लावतात आणि दोन बाजू उलट होतात. तुमच्या कागदाची एक प्रत त्यांच्या हातात द्या आणि स्वतः एकदा व्यासपीठावर चढून मधल्या खुर्चीमागे उभं राहून तपासा.

आमदारांचं नाव पत्रिकेत छापू नका, कारण त्यांनी होकार दिलेला नाही. पण त्यांच्यासाठी एक ओळ वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि त्यांची जागाही आधीच ठरवा: आले तर खासदारांनंतर, बीजभाषकांच्या आधी, ‘विशेष उपस्थिती’ म्हणून. त्यांच्यासाठी व्यासपीठावर एक रिकामी खुर्ची ठेवू नका, ती सबंध कार्यक्रमभर दिसत राहते. खुर्ची पडद्यामागे तयार असू द्या. ते तुमच्या भाषणाच्या मध्येच आले तर चालू वाक्य पूर्ण करा आणि थांबा. त्यांना व्यासपीठावर आणण्याचं काम सचिवांचं. ते बसले की चिठ्ठीवरची ओळ वाचा आणि जिथे होतात तिथूनच पुढे जा. ‘पुन्हा सुरुवात करते’ म्हणून सगळं संबोधन परत घेऊ नका, बाकीच्या सगळ्या पाहुण्यांचा त्यात वेळ जातो आणि उशिरा आलेल्या माणसालाही संकोच होतो. भाषण संपल्यावर आले तर स्वागत सूत्रसंचालकांनी करायचं, तुम्ही परत माईककडे यायचं नाही.

एखादे पाहुणे आलेच नाहीत, तर त्यांचं नाव गुपचूप गाळा. ‘येणार होते, पण’ हे वाक्य स्वागतात नको. त्यांचा संदेश आला असेल तर तो प्रास्ताविकात वाचला जाईल. त्यांनी प्रतिनिधी पाठवला असेल तर त्यांचं स्वागत प्रतिनिधी म्हणूनच करा. पाठवणाऱ्या व्यक्तीचा क्रम प्रतिनिधीला आपोआप मिळत नाही. खासदारांचे स्वीय सहायक आले म्हणून ते बीजभाषकांच्या आधी जात नाहीत, त्यांचं नाव व्यासपीठाच्या यादीच्या शेवटी, यजमानांच्या आधी येईल. कुलगुरूच ऐनवेळी आले नाहीत, तर मात्र आधी अध्यक्ष कोण हे ठरल्याशिवाय बोलायला उभ्या राहू नका. बहुधा संस्थाध्यक्ष अध्यक्षस्थान घेतील. तसं झालं तर त्यांचं नाव तळातून उचलून अगदी वर न्यायचं, आणि त्यांचं स्वागत तरीही करायचं नाही. त्या शक्यतेसाठी संबोधनाचा दुसरा कागद आजच लिहून पहिल्याच्या मागे लावून ठेवा.